आधी वीज, मग गडगडाट

ठाणे, ८ जून

लाडक्या चिऊ,

वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो, हे तू फोनवर विचारलंस. मला तुझा प्रश्न फार आवडला, म्हणून नीट लिहितेय.

खरं तर दोन्ही एकदमच घडतं. विजेच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते, झटक्यात फुगते आणि त्या धक्क्याचा आवाज होतो. फरक पडतो वेगामुळे. प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो, आवाज जेमतेम ३४० मीटर. समज, येऊरच्या डोंगरावर, आमच्या खिडकीपासून २ किलोमीटरवर वीज चमकली, तर उजेड लगेच दिसतो. आवाजाला सहा सेकंद लागतात.

म्हणजे मधले सेकंद मोजून ३ने भागलेस, की वीज किती किलोमीटरवर होती ते कळतं! आणि गडगडाट लांबतो, कारण वीज स्वतःच काही किलोमीटर लांब असते. जवळच्या टोकाचा आवाज आधी पोहोचतो, दूरच्याचा नंतर.

मोजायचं मात्र घरातूनच. आवाज ऐकू आला की गच्चीवर थांबायचं नाही.

काका-काकूंना नमस्कार.

तुझी,
ताई