एक्स्प्रेस लोकलला मागे टाकते तेव्हा: सापेक्ष वेगाचं एक गणित

मंगळवारच्या चाचणीतल्या चौथ्या प्रश्नाला वर्गात चार वेगवेगळी उत्तरं आली: २५ सेकंद, ५५ सेकंद, ८० सेकंद आणि २० सेकंद. बरोबर एकच आहे, पण उरलेल्या तिघांपैकी एकही उत्तर हवेतून आलेलं नाही. प्रत्येक आकड्यामागे एक खरी घटना आहे, फक्त ती आपल्या प्रश्नातली नाही. म्हणून हे गणित पुन्हा सावकाश, शब्दांत लिहून देते. अकरावीत सापेक्ष वेग एकदा नीट बसला की पुढे नदी आणि होडी, पाऊस आणि छत्री ही गणितं फारशी अडत नाहीत.

प्रश्न

कांजूरमार्ग सोडून विक्रोळीकडे निघालेली लोकल ताशी ५४ किमी वेगाने जात आहे. तिची लांबी २५० मीटर आहे. बाजूच्या समांतर रुळावरून त्याच दिशेने, मागून, ५५० मीटर लांबीची एक्स्प्रेस ताशी ९० किमी वेगाने येते. दोन्ही वेग स्थिर आहेत. एक्स्प्रेसला लोकल पूर्ण ओलांडायला किती वेळ लागेल?

लांब्या मनाने घातलेल्या नाहीत. बारा डब्यांची लोकल साधारण एवढीच भरते. एक्स्प्रेसचा एलएचबी डबा कपलिंग धरून जवळजवळ २४ मीटरचा असतो. असे २२ डबे आणि पुढे २० मीटरच्या आसपासचं इंजिन, म्हणजे ५५० मीटरला थोडंच कमी. हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्ण आकडा घेतला.

आधी बसायचं कुठे ते ठरवा

रुळाकाठी उभं राहून पाहिलं तर दोन्ही गाड्या पळताना दिसतात आणि दोघींचा हिशेब एकदम ठेवावा लागतो. त्यापेक्षा लोकलमध्ये जाऊन बसा. आपल्या दृष्टीने लोकल आता थांबलेली आहे, सीट आणि समोरची दांडी जागच्या जागी आहेत. पळते ती एकटी एक्स्प्रेस. दोन्ही गाड्यांच्या वेगातून लोकलचा वेग वजा केला, एवढंच आपण केलं.

लोकल: १५ − १५ = ० मी/से
एक्स्प्रेस: २५ − १५ = १० मी/से

(५४ × ५/१८ = १५ आणि ९० × ५/१८ = २५. एका किलोमीटरचे १००० मीटर आणि एका तासाचे ३६०० सेकंद, त्यातून हा ५/१८ येतो. आधी ९० मधून ५४ वजा करून ३६ चं रूपांतर केलंत तरी १० च मिळतात.)

हे १० मी/से म्हणजे काय, ते खिडकीतून अनुभवता येतं. २४ मीटरचा एक डबा तुमच्यासमोरून सरकायला २.४ सेकंद लागतात. तेवढ्यात डब्यावरची पाटी वाचून होते, दारात बसलेल्या माणसाच्या हातातला चहाचा कप दिसतो. गाडी ताशी ९० ने धावत असते, तरी ती रेंगाळल्यासारखी वाटते. तो डोळ्यांचा भ्रम नाही. तुमच्या चौकटीतून मोजलेला तिचा वेग खरोखरच तेवढा आहे.

अंतर कोणतं धरायचं?

गुण गेले ते इथे. ओलांडणं सुरू कधी होतं? एक्स्प्रेसचं नाक लोकलच्या शेवटच्या डब्याच्या टोकाशी आलं की. संपतं कधी? एक्स्प्रेसचा शेवटचा डबा लोकलच्या पुढच्या टोकापलीकडे गेला की. कागदावर दोन पट्ट्या काढून एक सरकवून बघा. एक्स्प्रेसच्या नाकाला आधी लोकलची लांबी पार करावी लागते आणि त्यानंतर स्वतःची सगळी लांबी पुढे काढावी लागते.

अंतर = २५० + ५५० = ८०० मीटर
वेळ = ८०० ÷ १० = ८० सेकंद

पडताळा जमिनीवरून घ्या. ८० सेकंदांत एक्स्प्रेस २५ × ८० = २००० मीटर जाते, लोकल १५ × ८० = १२०० मीटर. फरक ८०० मीटर. जुळलं.

आता उरलेली तीन उत्तरं. एक्स्प्रेसच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशासमोरून लोकल सरकायला २५० ÷ १० = २५ सेकंद लागतात. लोकलमधल्या प्रवाशासमोरून एक्स्प्रेस जायला ५५० ÷ १० = ५५ सेकंद. म्हणजे २५ आणि ५५ लिहिणाऱ्यांनी एका गाडीचा ठिपका करून टाकला. या दोघांची बेरीजही ८० च येते, आणि तो योगायोग नाही. लोकलच्या मोटरमनच्या जागी बसून बघा: पहिले २५ सेकंद त्याच्या शेजारी काहीच नसतं, एक्स्प्रेस अजून मागच्या डब्यांशी असते. मग इंजिन येतं आणि पुढचे ५५ सेकंद डबेच डबे जात राहतात.

२० सेकंदवाल्यांनी वेगांची बेरीज केली: २५ + १५ = ४०. गाड्या समोरासमोर येत असत्या तर हेच बरोबर होतं. तेव्हा एक डबा ०.६ सेकंदात निघून जातो आणि पाटी वाचायची सोयच राहत नाही. बेरीज की वजाबाकी हे पाठ करू नका, दिशेला चिन्ह द्या. विक्रोळीकडची दिशा धन घेतली तर समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ऋण होतो आणि वजाबाकी करतानाच बेरीज आपोआप घडते.

आणखी एक, थोडं अवघड

स्थिर वेग ही सोय झाली. लोकलला तर स्टेशन आलं की थांबायचंच असतं. समजा, एक्स्प्रेसचं नाक लोकलच्या शेपटाशी आलं त्याच क्षणी मोटरमनने ब्रेक लावला आणि लोकलचा वेग दर सेकंदाला ०.५ मी/से ने कमी होऊ लागला. आता किती वेळ?

सापेक्ष वेग सुरुवातीला १० आहे आणि सापेक्ष त्वरण ०.५ मी/से². सूत्रात घातलं की

१०t + ०.२५t² = ८००

आणि t = ४० सेकंद. उत्तर इतकं गुळगुळीत आहे की पेन खाली ठेवावंसं वाटतं. पण ते चूक आहे. लोकलचा वेग १५ होता, म्हणजे ३० सेकंदांत ती थांबली. सूत्राला ते ठाऊक नाही. पुढच्या १० सेकंदांत ते लोकलला २५ मीटर मागे नेतं, आणि ब्रेक लावलेली गाडी उलटी चालत नाही.

म्हणून दोन तुकडे करा. पहिल्या ३० सेकंदांत लोकल २२५ मीटर गेली, एक्स्प्रेस ७५०. सापेक्ष अंतर ५२५ मीटर. उरले ८०० − ५२५ = २७५ मीटर. लोकल आता उभी आहे, तेव्हा एक्स्प्रेसचा सापेक्ष वेग तिचा पूर्ण २५ मी/से. २७५ ÷ २५ = ११ सेकंद. एकूण ४१ सेकंद.

४० आणि ४१ मध्ये फरक एका सेकंदाचा, त्यामुळे ही चूक उत्तर बघून पकडता येत नाही. थांबण्याची वेळ आधी काढली तरच ती सापडते.

गुरुवारी येताना याच गणितात ब्रेकचा दर ०.५ ऐवजी ०.२५ घेऊन सोडवून आणा. लोकल थांबण्याआधी ओलांडणं पूर्ण होतं का, हे पहिल्या ओळीत लिहा.