वॉर्डात सहा पेशंट, आधी कुणाकडे जाल? फंडामेंटल्सची केस, उत्तरासकट

फर्स्ट इयरवाल्यांनो, प्रायॉरिटीवरची केस देतेय. आधी केस नीट वाचा, वहीत तुमचा क्रम लिहा, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहा आणि मगच खालचं उत्तर बघा, नाहीतर वाचताना सगळं "हो हो येतं की" वाटतं आणि पेपरात गाडी अडते.

ट्रस्ट हॉस्पिटलचा फिमेल वॉर्ड, मेडिसिन-सर्जरी सगळं एकत्रच. दुपारचे २ वाजलेत, तुम्ही इव्हिनिंग ड्युटीला आलात, मॉर्निंगच्या सिस्टर ओव्हर देऊन गेल्या. आता वॉर्डात तुम्ही एकट्या स्टाफ, सोबत एक इंटर्न सिस्टर आणि एक मावशी. डॉक्टर ओटीत आहेत, फोन केला तर येतील.

बेड ३ : ६२ वर्षांच्या आजी, जन्मभर चुलीपुढे गेलेल्या, जुना सीओपीडी. नेझल प्रॉंग्जने २ लिटर ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९०, रेस्पिरेशन २२. कालही हेच आकडे होते. नेब्युलायझर कधी लावणार म्हणून विचारतायत, पूर्ण वाक्यात बोलतायत, शेजारणीला लेकाबद्दल गाऱ्हाणं पण सांगतायत.

बेड ५ : ३४ वर्षांच्या ताई, सकाळी टोटल थायरॉइडेक्टॉमी झाली, १२ वाजता वॉर्डात आल्या. सॅच्युरेशन ९७. झोपायला तयार नाहीत, उठून बसल्यात, नवऱ्याला म्हणतायत गळ्याचं बँडेज घट्ट बांधलंय. श्वास आत घेताना बारीक कुईं असा आवाज येतोय.

बेड ७ : ४८ वर्षांच्या काकू, डायबेटिस. पाऊण वाजता रेग्युलर इन्सुलिन दिलं, जेवण आलं पण दोन घास खाऊन ताट बाजूला. आता कपाळावर घाम, हात थरथरतायत, प्रश्नाला उत्तर देतात पण उशिरा आणि चिडून.

बेड ९ : ४४ वर्षांच्या ताई, वजन ६० किलो, हिस्टरेक्टॉमी करून ११ वाजता आल्या. १२ वाजता पल्स ८८, बीपी १२६/८०. आता पल्स ११८, बीपी १०८/७६. युरिन बॅगेत दोन तासांत ४० मिली. काहीच तक्रार नाही, "पाणी द्या" एवढंच.

बेड ११ : ७० वर्षांच्या आजी, कंबरेच्या सांध्याचं हाड मोडलंय, पायाला स्किन ट्रॅक्शन, ऑपरेशन परवा. दुखणं १० पैकी ८, बेडपॅन हवाय, आणि त्यांचा मुलगा तुमच्या टेबलापाशी उभा राहून आवाज चढवतोय की अर्धा तास झाला कुणी बघत नाही.

बेड १२ : १९ वर्षांची मुलगी, परवा गोळ्या खाल्ल्या म्हणून ॲडमिट, आज व्हायटल्स सगळे नॉर्मल. आई चहा प्यायला खाली गेलीय. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलीय, मावशींना म्हणाली "माझं काही करू नका, माझी कुणाला गरज नाही".

बस, एवढंच. लिहा क्रम.

झालं? आता उत्तर.

दरवर्षी निम्म्या वह्यांत बेड ३ पहिला असतो, कारण सॅच्युरेशन ९० दिसलं की हात आपोआप ब्रीदिंग लिहितो. पण एबीसी हे आकड्याला लावायचं नसतं, पेशंटला लावायचं असतं. सीओपीडीवाल्यांना ऑक्सिजनचं टार्गेटच साधारण ८८ ते ९२ ठेवतात, म्हणजे आजी त्याच मर्यादेत आहेत, कालच्यापेक्षा काही बदललेलं नाही, आणि जी बाई गाऱ्हाणं सांगू शकते तिचा एअरवे उघडा आहे. जुनं आणि स्थिर हे नवीन आणि बिघडत चाललेल्याच्या मागे जातं. त्यांचं नेब्युलायझर द्यायचंय, पण पहिल्या पाच मिनिटांत नाही.

पहिला बेड ५. सॅच्युरेशन ९७ आहे म्हणून कितीतरी जण ही केस चौथ्या-पाचव्या नंबरला टाकतात आणि मला तिथेच घाम फुटतो. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आत रक्त साठलं की मानेत जागा ती केवढीशी, सूज येते, श्वासाची वाट अरुंद होते आणि हे काही मिनिटांत वाढू शकतं. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी पडतं, तोवर पेशंट जीव तोडून श्वास ओढून आकडा टिकवत असतो. आडवं न होणं, गळा आवळल्यासारखं वाटणं आणि आत श्वास घेताना तो आवाज, म्हणजे स्ट्रायडर, ही तीन लक्षणं तुम्हाला मशीनच्या आधी सांगतायत. नुसतं पुढचं ड्रेसिंग बघून कोरडं आहे म्हणू नका, मानेच्या मागे हात घालून बघा, रक्त ओघळून उशीवर जातं.

करायचं काय : पेशंटला सोडून जायचं नाही, तिथूनच हाक मारायची. बसतंच ठेवायचं, ऑक्सिजन लावायचा, टाके काढायची किट आणि सक्शन बेडपाशी, इमर्जन्सी ट्रॉली ओढून आणायची. आणि फोन असा : "सर, फिमेल वॉर्डमधून इव्हिनिंग स्टाफ बोलतेय. बेड ५, आज सकाळची टोटल थायरॉइडेक्टॉमी. आत्ता स्ट्रायडर आहे, झोपू शकत नाही, गळा आवळतोय म्हणते, सॅच्युरेशन ९७. मला हिमॅटोमा वाटतोय, तुम्ही आणि ॲनेस्थेटिस्ट लगेच या, टाके काढायची किट बेडपाशी ठेवलीय." एवढंच. "सर, पेशंट जरा अनकम्फर्टेबल आहे" असा फोन केलात तर सर चालू केस संपवून येणार, त्यांचंही काय चुकलं मग.

दुसरा बेड ९, सर्क्युलेशन. ही बाई ओरडत नाही म्हणून हरवते. बीपी १०८ चांगलंच की, असं लिहू नका, ट्रेंड बघा. पल्स ३० ने वर, वरचं बीपी १८ ने खाली पण खालचं फक्त ४ ने, म्हणजे दोघांतलं अंतर ४६ वरून ३२ वर आलं. लघवी तासाला किलोमागे निदान अर्धा मिली हवी, ६० किलोला ३० मिली, हिची २० येतेय. आधी बॅगेची नळी कुठे दुमडलीय का ते बघा हं, पण पल्ससोबत धरलं तर रक्त कुठेतरी जातंय असंच समजून चालायचं. पॅड बघा, कंबरेखाली हात घाला, पोट ताठ लागतंय का, हात-पाय गार आहेत का. आडवं झोपवा, सलाईनची लाइन चालू आहे ना बघा, डॉक्टरांना कळवा. आणि पाणी मागतेय म्हणून भांडं तोंडाला लावू नका, परत ओटीत जावं लागलं तर? तहान हे पण इथे लक्षणच आहे.

आता बेड ७. यावर वर्गात हमखास भांडण होतं. एबीसीत साखर कुठे बसते? पुढच्या डी मध्ये, डिसॅबिलिटी, म्हणजे मेंदू. रेग्युलर इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांनी सगळ्यात जास्त, म्हणजे साखर अजून खाली जाणार आणि आत्ता गिळू शकतेय ती अर्ध्या तासाने शकेलच असं नाही. म्हणून थांबायचं नाही, पण तुम्हीच जायला पाहिजे असंही नाही. इंटर्न सिस्टरला सांगायचं : ग्लुकोमीटर लाव, ७० च्या खाली असेल आणि नीट गिळत असेल तर ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम पाण्यातून दे, १५ मिनिटांनी परत तपास, गुंगीत गेली तर तोंडात काही घालू नकोस, मला हाक मार. म्हणजे तुम्ही ५ वर असतानाच हे सुरू होतं. कुणी ७ दुसरा आणि ९ तिसरा लिहिला आणि "एका मिनिटाचं काम, लगेच उलटवता येतं" असं कारण दिलं तर मी मार्क कापत नाही. कारणच लिहिलं नाही तर कापते.

मास्लो इथून पुढे कामाला येतो. १९४३ च्या त्याच्या लेखात गरजांची उतरंड आहे, तो प्रसिद्ध त्रिकोण मात्र नंतर दुसऱ्यांनी काढला, त्यामुळे त्रिकोण सुबक काढण्यात पेपरातली दहा मिनिटं घालवू नका. खालून शारीरिक गरजा, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मान, मग स्वतःला घडवणं.

बेड १२ ला बहुतेक जण आपलेपणाच्या पायरीवर बसवतात आणि शेवटचा नंबर देतात. मुलगी दुःखी आहे, वेळ मिळाला की बोलू. नाही! परवा जीव द्यायचा प्रयत्न केलेली मुलगी आज एकटी पडून असं वाक्य बोलते तेव्हा ती सुरक्षिततेच्या पायरीवर असते. यात तुमचा वेळ जातो अर्धा मिनिट : मावशींना तिच्याजवळ बसवायचं, नजरेआड करायचं नाही, आईला वर बोलवायचं, कात्री-ब्लेड-औषधं आसपास असतील ती उचलायची. मग ९ आणि ७ सावरले की स्वतः जाऊन खुर्ची ओढून बसायचं, मनात अजून तसे विचार येतात का हे सरळ विचारायचं (विचारल्याने डोक्यात भरत नाही, ही भीती काढून टाका) आणि डॉक्टरांना, सायकियाट्रीला कळवायचं.

बेड ११ कडे आधी एक नजर टाका : अचानक दम लागला का, गोंधळल्यासारख्या बोलतात का, पायाची बोटं गार-निळी आहेत का. यातलं काही असेल तर त्या थेट वर उडी मारतात. नसेल तर दुखणं आणि बेडपॅन, दोन्ही शारीरिकच, पण एबीसीनंतर. मुलाला एक वाक्य द्या : "दादा, आईचं इंजेक्शन मी १५ मिनिटांत देते, आत्ता एका पेशंटचा श्वास अडकतोय." बहुतेक लोक ऐकतात. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा त्याचा नंबर आधी लागतो, हे फक्त ओपीडीच्या खिडकीवर चालतं.

म्हणजे माझा क्रम ५, ९, ७, १२, ११, ३, आणि १२ ला माणूस बसवणं व ७ ची साखर पहिल्याच मिनिटात सांगून टाकलेली.

दोन गोष्टी विचारल्या जातात म्हणून सांगते. हृदय बंद पडलेलं असेल तर क्रम सीएबी, आधी छाती दाबणं, २०१० पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने तसं केलंय. आणि बाहेरून धो धो रक्त वाहत असेल तर ते आधी दाबा, एबीसी म्हणत बसू नका. बाकी, कृपा करून रेस्पिरेशन पूर्ण एक मिनिट मोजा, अख्ख्या वॉर्डाचं २० लिहिलेला चार्ट मी लांबूनच ओळखते.

आता तुमचा होमवर्क. २ वाजून २५ मिनिटं. ५ नंबर ओटीत गेली, ७ ची साखर ९६ आली. तेवढ्यात बेड ३ ची शेजारीण सांगते की आजी गप्पा मारता मारता पेंगायला लागल्यात. जाऊन बघता तर नातवाने "आजीला बरं वाटेल" म्हणून ऑक्सिजन ६ लिटर करून ठेवलाय, सॅच्युरेशन ९८, रेस्पिरेशन १०. आकडा तर छान दिसतोय. नवा क्रम लिहा, पहिली तीन कामं लिहा, डॉक्टरांना करायचा फोन शब्दशः लिहा, आणि नातवाशी काय बोलाल ते पण. सोमवारी क्लिनिकलला वह्या घेऊन या.