शेरा

"माझा बाप 1994 साली गेला. तुमच्या कागदावर तो 1918 लाच मेलाय. माणूस दोनदा कसा मरंल, बाई?"

तात्यांचा अर्ज त्याच मुद्द्यावर अडला होता. कोतवाल बुकात मृत्यूच्या पानावर 'महादू बिन सखाराम, वय 2 महिने' असं स्वच्छ मोडीत लिहिलेलं. मरणाच्या कारणाच्या रकान्यात मात्र काळा डाग. आधीच्या लिपिकाने शाई सांडली असं समजून उत्तर धाडलं होतं.

मूळ बुक आता कोणी उघडत नाही, पानं हाताला येतात. सगळं काम फोटोवर, आणि तेही ऑफिसच्या काळ्या प्रिंटवर. कदमबाईंनी पहिल्यांदाच मूळ फोटो स्क्रीनवर उघडला आणि पाहिलं, तर डाग लाल होता. म्हणजे सांडलेला नव्हे, खोडलेला. तपासणीला आलेला एखादा अंमलदार लाल शाईने दुरुस्त्या करून जात असणार.

पान ऑक्टोबर 1918 चं. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. साथीत गावंच्या गावं झोपली होती. लिहिणाऱ्याचं अक्षरसुद्धा पानाच्या शेवटी पेंगुळलंय.

बाईंच्या भाच्याचा फोटो स्टुडिओ. त्याच्याकडून ऐकलेली युक्ती त्यांनी केली: फोटोतला फक्त लाल चॅनेल ठेवला. लाल शाई कागदाइतकीच फिकी झाली, खालची काळी तशीच राहिली. खोडलेला शब्द अपेक्षेप्रमाणे 'ताप' होता. पण त्याच्याखाली, दोन ओळींच्या फटीत कोंबलेली, मुंगीएवढ्या अक्षरांची आणखी एक ओळ होती. बाईंनी मोडीचा वर्ग केलेला, तरी अक्षर अक्षर जुळवायला बराच वेळ गेला.

'पुरावयास नेता रडले. आत्या पारू हिने ऐकिले. माघारी आणिले.'

अंमलदाराने शब्दासकट ही ओळही खोडली होती. रकाना कारणाचा, त्यात हकिकत कशाला, असं त्याला वाटलं असेल. नावावर मात्र रेघ मारायची राहिली, आणि महादू सरकारदरबारी मेलेलाच राहिला.

साहेबांनी स्क्रीनवर बघून मान हलवली. "खोडलेल्या मजकुराची नक्कल कशी देणार?"

"नक्कल जशी आहे तशी द्यायची, साहेब. 'लाल शाईने खोडलेले' असं शेऱ्यात लिहिते. ओळही लिहिते. तुम्ही फक्त सही करा."

साहेबांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचून घेतली आणि सही केली.

बाईंनी तात्यांना सगळं वाचून दाखवलं. ते कागदाकडे बघतच राहिले.

"पारूआजीनं ऐकलं?"

"असं लिहिलंय."

"अहो, तिच्या मांडीवर वाढलो मी. तिला दारात वाजणारा ढोल ऐकू यायचा नाही."