आऊट

केतनने निरंजनची सायकल तासाभरासाठी म्हणून नेली आणि रात्री कोणालाही हाक न मारता ती जिन्याखाली लावून तो निघून गेला. सकाळी क्लासला निघालेल्या निरंजनला पहिल्याच वळणावर कळले, की पुढच्या चाकाला आऊट आला आहे, दोन आरे तुटले आहेत आणि प्रत्येक फेऱ्याला रिंग ब्रेकला घासते आहे.

"सांगितलं का नाहीस?" त्याने सर्वांसमोर विचारले.

"जुनीच तर होती," केतन म्हणाला. खरे तर तो खड्ड्यात पडला होता आणि त्याचा कोपरही सोलवटला होता. पण चारचौघांत विचारल्यावर खरे बोलणे कोणाला सुचते?

त्यानंतर दोघांनी बाक बदलले. शनिवारी मात्र केतन दुकानातून आऱ्यांची चावी मागून घेऊन दारात उभा राहिला.

"सायकल उलटी धर. मी आरे आवळतो."

"तुला येतं?"

"नाही. दुकानदाराने एकदा दाखवलंय."

"मग चावी इकडे दे," निरंजन म्हणाला, "आणि नव्या आऱ्यांचे पैसे तू देणार आहेस."