पैसे कापले गेले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत? (व्हिडिओची संहिता, सुधारित मसुदा)

टीमसाठी: सुरुवातीची ॲपची ओळख आणि बँकेचं स्वागतगीत काढलंय. पैसे अडकलेला माणूस ते ऐकायला थांबत नाही. थेट दुकानातून सुरू करू.

(दृश्य: किराणा दुकान, संध्याकाळची गर्दी. काउंटरवर क्यूआर कोड आणि साउंडबॉक्स.)

निवेदन: सामान पिशवीत भरून झालं. तुमच्या फोनवर मेसेज आला, खात्यातून 450 रुपये वजा. पण साउंडबॉक्स गप्प! दुकानदार म्हणतो, "ताई, पैसे आले नाहीत." मागे रांग वाढतेय.

अशा वेळी हात लगेच पुन्हा स्कॅन करायला जातो. थांबा, नाहीतर दोनदा पैसे जातील. आधी ॲपमध्ये History उघडा आणि तो व्यवहार निवडा.

(क्लोज-अप: स्टेटस आणि त्याखालचा UTR. अंक नीट वाचता आले पाहिजेत.)

Success दिसतंय? मग नेटवर्कअभावी साउंडबॉक्स बोलला नसेल. दुकानदाराला हा बारा अंकी UTR, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, दाखवा आणि त्याच्या ॲपमध्ये जमा रक्कम बघायला सांगा. तुमचा स्क्रीनशॉट त्याने मानलाच पाहिजे, असा हट्ट धरू नका. खोटे स्क्रीनशॉट दाखवून त्यालाही कुणी फसवलेलं असतं.

Pending असेल तर व्यवहार अजून वाटेतच आहे. रोख असेल तर रोख द्या, नाहीतर दुकानदाराशी बोलून थोडं थांबा. मात्र रोख दिल्यावर तो व्यवहारही पूर्ण झाला, तर रक्कम दुकानदाराकडूनच परत घ्यावी लागेल. म्हणून UTR त्याच्या वहीत लिहून ठेवा.

Failed दिसतंय, तरी पैसे कापलेत? रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानातल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. एखाद्या व्यक्तीला पाठवलेले असतील, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे उशीर झाला, तर रोज 100 रुपये भरपाई मिळते.

(निवेदकाने इथे थोडं थांबावं. पुढचं वाक्य घाईत म्हणू नये.)

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. गूगलवर "कस्टमर केअर" शोधून सापडेल त्या नंबरला फोन लावणं. पलीकडचा माणूस गोड बोलतो, "रिफंड पाठवतोय, फक्त पिन टाका." यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

मुदत उलटली, तर त्याच व्यवहाराखाली Raise Complaint दाबा. UTR आपोआप भरला जातो. कारण म्हणून "पैसे कापले, दुकानदाराला मिळाले नाहीत" निवडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ॲप उघडत नसेल, तर डेबिट कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करा किंवा पासबुक घेऊन शाखेत या.

(शेवटची पाटी: फक्त Raise Complaint कुठे आहे ते दाखवणारा बाण. लोगो कोपऱ्यात, लहान.)