विषय: तिमाही आढावा – आपापल्या स्लाइड्स गुरुवारी दुपारी ४ पर्यंत, सोबतच्या टेम्प्लेटमध्येच

नमस्कार मंडळी,

तिमाही आढाव्याची बैठक पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजता आहे. आपल्या टीमला मांडणीसाठी २० मिनिटं आणि प्रश्नांसाठी १० मिनिटं मिळाली आहेत. प्रत्येकाने आपल्या भागाच्या स्लाइड्स येत्या गुरुवारी दुपारी ४ वाजेपर्यंत टीमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकाव्यात. टेम्प्लेट या मेलला जोडलं आहे: `Review_Template.potx`

कोणाकडे काय आहे ते परवा बोलण्यात ठरलंच होतं, तरी पुन्हा लिहिते:

अमोल – चालू प्रकल्पांची स्थिती, ३ स्लाइड्स
रेवती – ग्राहकांचा प्रतिसाद, २
सलीम – सपोर्टच्या तक्रारी आणि त्या सोडवायला लागलेला वेळ, २
प्रज्ञा – खर्च आणि बजेट, २
निखिल – पुढच्या तिमाहीचं नियोजन, २

पहिली आणि शेवटची स्लाइड मी करते. एकूण १३ झाल्या, म्हणजे एका स्लाइडला जेमतेम दीड मिनिट. त्यामुळे ठरलेल्या आकड्यापेक्षा एकही जास्त नको. जादा माहिती असेल तर ती नोट्समध्ये लिहा, प्रश्न आला की तिथून सांगता येईल.

आता टेम्प्लेटबद्दल. मागच्या वेळी पाच जणांच्या पाच तऱ्हेच्या फाइल्स आल्या आणि बैठकीच्या आदल्या रात्री मी त्या जुळवत बसले. दोन फाइल्स 4:3 मध्ये होत्या. त्या 16:9 मध्ये घेतल्यावर गोल लोगो अंड्यासारखे दिसायला लागले. एक चार्ट ज्या एक्सेल फाइलला लिंक केलेला होता, ती फाइल फक्त बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर होती, त्यामुळे त्यातला चुकलेला आकडा मला दुरुस्तच करता आला नाही. ती रात्र आकडे तपासण्यात गेली असती तर खर्चाच्या स्लाइडवरच्या दोन बेरजांमधला फरक सगळ्यांसमोर निघाला नसता. या वेळी तसं व्हायला नको, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

टेम्प्लेटवर डबल-क्लिक केलं की नवीन फाइल उघडेल, ती `.pptx` म्हणून सेव्ह करा. नाव असं द्या: `Review_Salim_v1.pptx`. बदल केलात तर `v2`, `v3`. कृपया `final` नको. पीडीएफही नको, कारण त्यात मला काही दुरुस्त करता येत नाही.

जुन्या फाइलमधून स्लाइड आणणार असाल तर पेस्ट करताना `Use Destination Theme` निवडा. `Keep Source Formatting` निवडलंत तर जुन्या फाइलचं अख्खं डिझाइन सोबत येतं. फाँट, रंग, शीर्षकाची जागा हे सगळं टेम्प्लेटमध्ये ठरलेलं आहे, ते बदलू नका. मजकूर बसत नसेल तर अक्षर लहान करण्याऐवजी मजकूर कमी करा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर निव्वळ अगम्य चिन्हं होऊन दिसतो.

चार्ट पॉवरपॉइंटमध्येच करा किंवा एक्सेलमधून आणताना `Embed` निवडा. स्क्रीनशॉट नको, मोठ्या पडद्यावर तो फाटतो. आकडे फक्त तिमाहीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचेच घ्या आणि ते कुठून घेतले ते स्लाइडच्या तळाशी एका ओळीत लिहा.

शीर्षकाकडे मात्र मनापासून लक्ष द्या. नुसतं ‘तक्रारींची स्थिती’ असं लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. ‘तक्रारी वाढल्या, पण सोडवायचा वेळ कमी झाला’ असं लिहिलं तर चार्ट बघायच्या आधीच मुद्दा पोचतो. सलीम, हे फक्त उदाहरण आहे, तुझे आकडे काय सांगतात तेच लिही. चित्र वाईट असेल तर तेही तसंच लिहा. ते आपण सांगितलेलं बरं.

गुरुवारी ४ हीच वेळ का, तर शुक्रवारी दिवसभर मी सगळं एकत्र करून आकडे एकमेकांशी ताडून बघणार आहे. सोमवारी दुपारी ३ वाजता आपण घड्याळ लावून रंगीत तालीम करू, सगळ्यांनी या.

एखादा आकडा गुरुवारपर्यंत मिळणार नसेल तर स्लाइड अडवून ठेवू नका. त्या जागी पिवळ्या रंगात ‘आकडा शुक्रवारी सकाळी’ असं लिहून फाइल टाका. प्रज्ञा, अकाउंट्सकडून बजेटचे आकडे उशिरा येतात हे मला माहीत आहे. बुधवारपर्यंत आले नाहीत तर मला सांग, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. रेवती, तू बुधवारी रजेवर आहेस, तर मंगळवारीच कच्च्या स्लाइड्स टाकल्यास तरी चालतील.

टेम्प्लेट उघडत नसेल किंवा काही अडलं तर आज-उद्याच फोन करा.

धन्यवाद,
मेघना