आयकर मागणीची रक्कम हप्त्यांत भरू देण्याबाबत अर्ज

दि. 3 मार्च 2025

प्रति,
मा. आयकर अधिकारी, जालना

विषय: करनिर्धारण वर्ष 2023-24, मागणी ₹4,86,300. कलम 220(3) नुसार हप्ते मिळणेबाबत.

महोदय,

12 फेब्रुवारीची कलम 156 ची नोटीस मिळाली. रकमेबद्दल माझी तक्रार नाही, कर भरायचाच आहे. अडचण रोख पैशाची आहे.

परतूरला माझे कृषी सेवा केंद्र आहे. बी-खत खरिपात उधारीवर जाते, वसुली सोयाबीन विकल्यावर होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गिऱ्हाइकांची शेते पाण्याखाली गेली. हाती आलेले सोयाबीनही 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकावे लागले. उधारीच्या वहीत आज ₹11,40,000 येणे आहे. त्याच माणसांच्या दारात तगाद्याला जाणे माझ्याच्याने होत नाही. बँकेचे कॅश क्रेडिट खातेही मर्यादेला टेकले आहे.

₹86,300 आजच भरले. उरलेले चार लाख एप्रिल ते नोव्हेंबर 2025, दरमहा 10 तारखेपर्यंत ₹50,000 प्रमाणे भरू द्यावेत. कलम 220(2) चे दरमहा एक टक्का व्याज मान्य आहे. तोवर मला थकबाकीदार धरू नये व बँक खाते गोठवू नये, ही कळकळीची विनंती. खाते थांबले तर येत्या खरिपाचा मालच भरता येणार नाही.

सोबत: चलन, उधारीची यादी, सहा महिन्यांचा बँक उतारा.

आपला विश्वासू,
मालक, कृषी सेवा केंद्र, परतूर, जि. जालना